स्टारचा त्रिकोण वहीत येतो, स्क्रीनवर का येत नाही?

प्रश्न: सर, मी कोल्हापुरात बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. स्टारचा त्रिकोण छापायचा प्रोग्रॅम `for` ने लिहिला तर बरोबर येतो, पण तोच `while` ने लिहिला तर प्रत्येक ओळीत एकच स्टार येतो. लॅबमध्ये सांगितले की ट्रेस टेबल काढून बघ. मी दोन वेळा टेबल काढला आणि दोन्ही वेळा वहीत पूर्ण त्रिकोणच आला. मग चूक टेबलमध्ये आहे की प्रोग्रॅममध्ये? खाली प्रोग्रॅम देतो.

```c
int i = 1, j = 1;      // 1
while (i <= 3) {       // 2
    while (j <= i) {   // 3
        printf("*");   // 4
        j++;           // 5
    }
    printf("\n");      // 6
    i++;               // 7
}
```

उत्तर: चूक दोन्हीकडे आहे आणि ती एकच आहे. प्रोग्रॅममध्ये `j` पुन्हा १ करणारी ओळ नाही, आणि टेबल भरताना ती ओळ तुम्ही नकळत मनाने घातली आहे. कॉम्प्युटरने लिहिले होते तेवढेच केले, तुम्ही मात्र जे लिहायचे होते ते केले. त्यामुळे वहीत त्रिकोण आला आणि स्क्रीनवर एकाखाली एक तीन स्टार आले.

ही चूक मी गेली अनेक वर्षे प्रथम वर्षाच्या वह्यांमध्ये पाहतो आहे आणि तिचे मूळ बहुतेक वेळा टेबल भरण्याच्या क्रमात असते. एका विद्यार्थिनीची वही मला अजून आठवते. पट्टीने आखलेला सुरेख तक्ता होता, पण छापलेल्या मजकुराचा रकाना निळ्या शाईने आणि `i`, `j` चे रकाने पेन्सिलने भरलेले होते. म्हणजे उत्तर आधी पक्के झाले होते आणि व्हेरिएबलच्या किमती नंतर त्याला जुळवून घेतल्या होत्या. अशा टेबलला ट्रेस म्हणता येत नाही, कारण त्यात प्रोग्रॅम कुठेच वाचलेला नसतो. तुमच्या वहीतही त्रिकोण आधी आला असावा, असा माझा अंदाज आहे.

म्हणून पहिला नियम असा ठेवा की टेबलमधील एक आडवी ओळ म्हणजे प्रोग्रॅममधील एका ओळीची एक अंमलबजावणी, आणि एखाद्या व्हेरिएबलच्या रकान्यात नवी किंमत तेव्हाच लिहायची, जेव्हा त्या व्हेरिएबलला किंमत देणारी ओळ त्या क्षणी प्रत्यक्ष चालते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये `j` ला हात लावणाऱ्या ओळी दोनच आहेत, पहिली आणि पाचवी. बाकी कोणत्याही ओळीवर `j` च्या रकान्यात नवा आकडा आला, तर तो तुम्ही घातलेला आहे. टेबल काढण्याआधी ही छोटी यादी समासात लिहून ठेवावी: `i` बदलणाऱ्या ओळी १ आणि ७, `j` बदलणाऱ्या ओळी १ आणि ५. हे करायला अर्धा मिनिट लागतो, आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर त्या यादीतच दिसते.

आता प्रोग्रॅमवर एक पट्टी आडवी ठेवा, जी ओळ चालू आहे तिच्या खालचा भाग झाकलेला राहू द्या, आणि छापलेल्या मजकुराचा रकाना डोळ्यांसमोरून शक्यतो दूर, अगदी उजवीकडे ठेवा. किंमत बदलली नसेल तर रकाना रिकामा सोडा. वरची शेवटची किंमत लागू आहे, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या प्रोग्रॅमचा ट्रेस असा सुरू होतो:

| पायरी | ओळ | `i` | `j` | अट | छापले |
|---|---|---|---|---|---|
| १ | १ | १ | १ | | |
| २ | २ | | | `1 <= 3` खरी | |
| ३ | ३ | | | `1 <= 1` खरी | |
| ४ | ४ | | | | `*` |
| ५ | ५ | | २ | | |
| ६ | ३ | | | `2 <= 1` खोटी | |
| ७ | ६ | | | | नवी ओळ |
| ८ | ७ | २ | | | |
| ९ | २ | | | `2 <= 3` खरी | |
| १० | ३ | | | `2 <= 2` खरी | |
| ११ | ४ | | | | `*` |
| १२ | ५ | | ३ | | |
| १३ | ३ | | | `3 <= 2` खोटी | |

दहाव्या पायरीवर थांबा, कारण तुमचा टेबल आणि हा टेबल इथेच वेगळे होतात. आठव्या पायरीला `i` २ झाला, नवव्या पायरीला बाहेरच्या लूपची अट खरी ठरली आणि पट्टी तिसऱ्या ओळीवर आली. इथे `j` किती आहे, हे ठरवण्यासाठी `j` च्या रकान्यातून वर जात पहिली भरलेली चौकट शोधायची. ती पाचव्या पायरीला आहे आणि तिच्यात २ आहे. म्हणून तपासायची अट `2 <= 2` आहे. तुमच्या वहीत इथे `1 <= 2` असणार, कारण «नवी ओळ सुरू झाली की `j` पहिल्यापासून» ही गोष्ट `for` मुळे तुमच्या अंगवळणी पडली आहे. ती सवय `for` पुरती योग्यच आहे. पण तिथेही `j` आपोआप १ होत नाही, `for (j = 1; ...)` मधला पहिला भाग प्रत्येक वेळी नव्याने चालतो म्हणून होतो.

के.एम.टी.च्या बसमध्ये कंडक्टरच्या हातात तिकिटांचे गठ्ठे असायचे, तो काळ ज्यांना आठवतो त्यांना हा फरक लगेच कळेल. तिकिटावरचा अनुक्रमांक एका फेरीतून दुसऱ्या फेरीत पुढेच चालू राहतो, पण त्या फेरीत किती प्रवासी बसले हे मोजायचे असेल तर आकडा फेरी सुरू होताना शून्यावर आणावा लागतो. तुम्हाला `j` प्रवाशांच्या मोजणीसारखा हवा होता. तुम्ही लिहिलेला `j` तिकिटाच्या क्रमांकासारखा पुढे चालला आहे.

पुढच्या दहा पायऱ्या याच पद्धतीने भरा. `i` ३ होईल, `3 <= 3` ही आतली अट एकदाच खरी ठरेल, एक स्टार छापला जाईल, `j` ४ होईल, `4 <= 3` खोटी ठरेल, नवी ओळ छापली जाईल, `i` ४ होईल आणि तेविसाव्या पायरीला दुसऱ्या ओळीवरची `4 <= 3` ही अट खोटी ठरून प्रोग्रॅम लूपच्या बाहेर पडेल. या तेवीस पायऱ्यांत स्टार फक्त तीन आहेत आणि नव्या ओळीही तीन. म्हणजे स्क्रीनवर दिसले तेच वहीत आले.

इथे अनेक जण एक आडवाट घेतात. संपूर्ण टेबल न काढता लूप संपल्यावर `i` आणि `j` किती उरतात एवढेच पाहतात आणि त्यावरून प्रोग्रॅम बरोबर की चूक ते ठरवतात. या ठिकाणी ती वाट सरळ फसवते. तुमच्या चुकलेल्या प्रोग्रॅममध्ये शेवटी `i` ४ आणि `j` ४ असतो, आणि बरोबर चालणाऱ्या `for` च्या प्रोग्रॅममध्येही शेवटी `i` ४ आणि `j` ४ असतो. फरक मधल्या पायऱ्यांत आहे.

तुलनेसाठी `for` चा टेबलही काढू. प्रोग्रॅम हा:

```c
for (i = 1; i <= 3; i++) {
    for (j = 1; j <= i; j++)
        printf("*");
    printf("\n");
}
```

हात बसल्यावर प्रत्येक हालचालीला वेगळी ओळ देण्याची गरज राहत नाही. आतली अट जितक्या वेळा तपासली जाते तितक्या आडव्या ओळी घेतल्या तरी पुरतात. मात्र खोटी ठरलेली अटही लिहायची, ती गाळायची नाही.

| `i` | `j` | `j <= i` | त्यानंतर |
|---|---|---|---|
| १ | १ | खरी | `*` |
| १ | २ | खोटी | नवी ओळ |
| २ | १ | खरी | `*` |
| २ | २ | खरी | `*` |
| २ | ३ | खोटी | नवी ओळ |
| ३ | १ | खरी | `*` |
| ३ | २ | खरी | `*` |
| ३ | ३ | खरी | `*` |
| ३ | ४ | खोटी | नवी ओळ |

खोट्या अटींच्या ओळी मी का सांगतो आहे, हे या टेबलमध्येच दिसते. नवी ओळ छापण्याचे काम प्रत्येक वेळी खोट्या अटीनंतर येते. ज्यांनी ती ओळ गाळली, त्यांच्या टेबलमध्ये `printf("\n")` ला जागाच उरत नाही. मग ते काम कोणी प्रत्येक स्टारनंतर लिहितो तर कोणी अगदी शेवटी एकदाच. शिवाय लूप संपल्यावर `j` ची किंमत किती असते हा प्रश्न तोंडी परीक्षेत हमखास येतो आणि खोटी ओळ गाळणारा विद्यार्थी ४ ऐवजी ३ सांगतो.

टेबल पुरा झाला की ओळी मोजून घ्याव्यात. या त्रिकोणात `n` ओळी असतील, तर स्टार `n(n+1)/2` येतात आणि आतली अट त्याहून `n` वेळा जास्त तपासली जाते, कारण प्रत्येक ओळीत ती एकदा खोटी ठरते. `n` ३ असेल तर स्टार ६ आणि तपासण्या ९. वरच्या टेबलमध्ये नऊच ओळी आहेत. `n` ५ घेतला तर तपासण्या २० होतात आणि १० घेतला तर ६५, म्हणून हाताने ट्रेस करताना `n` ३ च घ्यावा. १ घेऊ नये, कारण एका ओळीच्या त्रिकोणात तुमचा चुकीचा प्रोग्रॅमही बरोबर उत्तर देतो. दोन ओळींतही धोका राहतो: एक स्टार, दोन स्टार एवढेच दिसले, तर पुढची ओळ तीनची आहे की चारची हे कळायला मार्ग नसतो.

आता स्टारच्या नक्षीविषयी मला वाटणारी एक अडचण सांगतो. सगळे स्टार सारखेच दिसतात, त्यामुळे कोणता स्टार `j` च्या कोणत्या किमतीला छापला गेला हे स्क्रीनवरून ओळखता येत नाही. चुकीच्या टेबलला त्यामुळे लपायला जागा मिळते. `for` मध्ये `j++` आधी होऊन मग स्टार छापला जातो, अशी चुकीची समजूत असलेला विद्यार्थीही स्टारची संख्या बरोबरच काढतो आणि त्याची चूक महिनोन्‌महिने तशीच राहते. यावर माझा उपाय साधा आहे: टेबल तपासायच्या वेळेपुरते `printf("*")` च्या जागी `printf("%d", j)` लिहायचे. बरोबर `for` चा प्रोग्रॅम मग असे छापतो:

```
1
12
123
```

तुमचा `while` चा प्रोग्रॅम त्याच बदलानंतर असे छापतो:

```
1
2
3
```

दुसऱ्या ओळीत १ नाही, म्हणजे त्या ओळीत शिरताना `j` १ नव्हता. टेबलमधल्या दहाव्या पायरीने जे सांगितले, तेच आता स्क्रीन सांगते आहे.

ही युक्ती आणखी एका ठिकाणी कामाला येते आणि ते प्रकरण तुमच्या प्रकरणाशी गल्लत होण्याजोगे असल्यामुळे ते सांगितलेच पाहिजे. खालच्या प्रोग्रॅममध्येही प्रत्येक ओळीत एकच स्टार येतो:

```c
for (i = 1; i <= 3; i++) {
    for (j = 1; j <= i; j++);
        printf("*");
    printf("\n");
}
```

आतल्या `for` च्या शेवटी आलेला सेमीकोलन पाहा. त्यामुळे लूपचे काम तिथेच संपले. लूप रिकामा फिरतो, आणि `printf("*")` ओळीच्या सुरुवातीला मोकळी जागा सोडून लिहिलेला असला तरी तो लूपच्या बाहेर पडला आहे. सी भाषा डावीकडची मोकळी जागा विचारात घेत नाही. आउटपुट तुमच्यासारखाच, कारण मात्र पूर्ण वेगळे. इथे `j` दर वेळी नीट १ होतो, हवा तितका वाढतो, पण स्टार छापला जातो तो आतली अट खोटी ठरल्यावर. `j` छापून पाहिला तर २, ३, ४ असे तीन ओळींत येतात. तेव्हा एका ओळीत एकच स्टार दिसला, तर `j` छापून पाहावा: १, २, ३ आले तर `j` पुन्हा १ करायचा राहिला आहे आणि २, ३, ४ आले तर नको तिथे सेमीकोलन पडला आहे. टेबलमध्येही हा फरक तितकाच स्पष्ट दिसतो: पहिल्या प्रकारात स्टार खऱ्या अटीनंतर येतो, दुसऱ्यात खोट्या अटीनंतर.

तुमचा प्रोग्रॅम दुरुस्त करायला `j = 1;` ही ओळ दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीच्या मध्ये, म्हणजे बाहेरच्या लूपच्या आत पण आतल्या लूपच्या आधी लिहा. मग पहिल्या ओळीतील `j = 1` ची गरज उरत नाही, `int i = 1, j;` पुरते. टेबलमध्ये मात्र त्या वेळी पहिल्या पायरीला `j` च्या चौकटीत ० लिहू नका, प्रश्नचिन्ह लिहा. फंक्शनच्या आत जाहीर केलेल्या आणि किंमत न दिलेल्या व्हेरिएबलमध्ये काय असेल याची सी भाषा कोणतीही हमी देत नाही. प्रश्नचिन्ह असलेली चौकट वाचायची वेळ आली, तर ती प्रोग्रॅममधली चूक समजायची.

ही ओळ घाईत आतल्या लूपच्या आत, चौथ्या ओळीच्या आधी पडली, तर काय होते तेही टेबलवर पाहण्यासारखे आहे, कारण लॅबमध्ये हे वारंवार घडते. पहिली ओळ निर्विघ्न जाते: स्टार छापला जातो, `j` २ होतो, `2 <= 1` खोटी ठरते. दुसऱ्या ओळीत `i` २ आणि `j` २ असताना आतली अट खरी ठरते. आत शिरताच `j` १ होतो, स्टार छापला जातो, `j` पुन्हा २ होतो आणि पट्टी पुन्हा तिसऱ्या ओळीवर येते, तेव्हा `i` २ आणि `j` २ च असतो. ज्या ओळीवर आपण आधी होतो, त्याच ओळीवर सगळ्या व्हेरिएबलच्या त्याच किमती घेऊन परत आलो आणि मधे प्रोग्रॅमने बाहेरून काही वाचले नाही, तर पुढेही तेच घडत राहणार. टेबल तिथेच थांबवून खाली «लूप संपत नाही» असे लिहावे. स्क्रीनवर पहिल्या ओळीत एक स्टार आणि दुसऱ्या ओळीपासून न थांबणारी स्टारची रांग दिसेल. ती `Ctrl+C` ने थांबवता येते.

टेबल हाताने काढून झाल्यावर तो डीबगरशी ताडून पाहायला हरकत नाही. तुमच्या लॅबमध्ये अजून टर्बो सी असेल, तर `Ctrl+F7` ने `i` आणि `j` वॉचमध्ये घालून `F7` ने एकेक ओळ पुढे जाता येते. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवा: डीबगर ओळीगणिक पुढे सरकतो, आणि `for` च्या एकाच ओळीत `j++` व अट तपासणे ही दोन्ही कामे असल्यामुळे ती एकाच टप्प्यात उरकलेली दिसतात. तुमच्या `while` मध्ये `j++` वेगळ्या ओळीवर आहे, म्हणून तिथे डीबगरचा प्रत्येक टप्पा टेबलच्या एकेका ओळीशी बरोबर जुळेल. ताडून पाहताना सुरुवात नवव्या पायरीपासून करा, आणि तिथे `j` च्या वॉचमध्ये २ दिसतो की १ ते आधी बघा.